धागा: रिसेप्शनच्या वायफायचा पासवर्ड बदलण्याची आठवणचिठ्ठी, मसुदा बघून सांगा

केवडा_फोंडा · सोमवार, सकाळी १०.१२

फोंड्यात दोन डॉक्टरांचा दवाखाना आहे, व्यवस्थापन माझ्याकडे. रिसेप्शनवरची मुलगी ३१ तारखेला नोकरी सोडते आहे. त्यानिमित्ताने वायफायचा पासवर्ड बदलायचा आणि पुढे कुणी विसरू नये म्हणून काउंटरमागे चिठ्ठी लावायची, असं ठरलंय. मसुदा असा:

"सर्व कर्मचाऱ्यांस सूचना. रिसेप्शनच्या वायफायचा पासवर्ड दर महिन्याच्या १ तारखेला बदलला जाईल. नवा पासवर्ड खाली लिहिला आहे व व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकला आहे. पेशंटना देऊ नये. पासवर्ड: ________"

वायफायवर सध्या आहेत: रिसेप्शनचा संगणक, प्रिंटर, कार्ड स्वाइप करायचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं बोटाचं यंत्र, डॉक्टरांचे दोन फोन आणि आम्हा चौघांचे फोन. पेशंटने मागितलं तर त्यालाही हाच पासवर्ड देतात. चिठ्ठीत काय कमी आहे?

तारवाला · सोमवार, सकाळी ११.०५

कमी काही नाही, एक गोष्ट जास्त आहे. शेवटची ओळ काढा. आठवणचिठ्ठीत पासवर्ड कधी बदलायचा, कुणी बदलायचा आणि तो कुठे ठेवलाय एवढंच असतं. पासवर्ड तिथेच लिहिला तर काउंटरवर पैसे देणारा प्रत्येक माणूस तो वाचणार. वाचला नाही तरी पावतीचा फोटो काढताना मागची भिंत येतेच.

ग्रुपवर टाकायचाही नाही. सोडून जाणाऱ्या बाईंना ग्रुपमधून काढलंत तरी आधीचे मेसेज त्यांच्या फोनवर राहतात. त्यातून बहुतेक ठिकाणी रिवाज असा, की नवा पासवर्ड म्हणजे जुन्यातला एक आकडा वाढवलेला. मग जुन्या मेसेजवरून नवा ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"मी तिला कधी सांगितलाच नव्हता" यावरही विसंबू नका. रिसेप्शनचा संगणक वायफायवर असेल आणि त्यावर ॲडमिनचे अधिकार असतील (बहुतेक दवाखान्यांत एकच यूजर असतो आणि तोच ॲडमिन), तर ही एक ओळ पुरे:

```
netsh wlan show profile name="CLINIC_RECEPTION" key=clear
```

`Key Content` समोर पासवर्ड सरळ अक्षरांत येतो. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनवर वायफाय शेअर केलं की चौकोनी कोड येतो. त्या कोडातही पासवर्ड उघडाच असतो, फक्त माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही.

सुशेगाद_७ · सोमवार, दुपारी १२.४०

एवढा खटाटोप कशाला? पासवर्ड वारंवार बदलू नका असं अमेरिकेच्या NIST या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच सांगितलंय. तो एकदा चांगला ठेवायचा, वायफायचं नाव लपवायचं आणि MAC फिल्टर, म्हणजे ओळखीच्या यंत्रांच्या पत्त्यांची यादी, लावायचा. यादीत नसलेला फोन जोडलाच जाणार नाही. विषय संपला.

तारवाला · सोमवार, दुपारी १.१५

सुशेगादबाब, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण ते दुसऱ्या घरचं आहे. NIST चा २०१७ चा SP 800-63B एका माणसाच्या स्वतःच्या पासवर्डबद्दल बोलतो: निव्वळ कॅलेंडर बघून बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तर बदला. इथे एकच पासवर्ड सहा जणांत वाटलेला आहे. त्यातला एक बाहेर पडला की तो बाहेरच्या माणसाकडे गेलाच, शंकेचा प्रश्न उरत नाही. म्हणून "दर १ तारखेला" हे मलाही पटत नाही. दर महिन्याला बदलायचं म्हटलं की लोक शेवटी महिन्याचं नाव जोडून मोकळे होतात. कुणी नोकरी सोडली, कुणाचा फोन हरवला, बाहेरच्या तंत्रज्ञाला पासवर्ड द्यावा लागला, या तीन प्रसंगी बदला, आणि त्यातलं काहीच घडलं नाही तर वर्षातून एकदा.

नाव लपवून काही लपत नाही. जोडलेले फोन बोलतात तेव्हा ते नाव हवेत असतंच. MAC चे पत्तेही तसेच हवेत उघडे असतात, आणि ते नक्कल करता येतात. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयफोनचं iOS 14 यांपासून फोन स्वतःहून बनावट पत्ता लावतात. त्यामुळे फिल्टर लावलात की चोर बाहेर राहण्याआधी डॉक्टरांचाच फोन बाहेर राहील.

पोर्वरीम_पावस · सोमवार, दुपारी ४.२०

आमच्या सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडे जातो तिथे बसायच्या खोलीत वायफाय अगदीच रडतं, व्हिडिओ लागत नाही. पासवर्ड बदलला की वेग वाढतो का?

केवडा_फोंडा · सोमवार, दुपारी ४.३१

दादा, मी दवाखान्याच्या आतल्या वायफायबद्दल विचारतेय, पेशंटच्या नाही.

तारवाला · सोमवार, संध्या. ६.०२

त्यांचा प्रश्न वाट चुकून आला, पण नेमक्या जागी आला. केवडाताई, तुमच्याकडे पेशंटचं आणि आतलं वायफाय एकच आहे, दुखणं तिथेच आहे. राउटरमध्ये `Guest Network` असेल तर तो चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. तो पासवर्ड खुशाल भिंतीवर लावा. (वेग वाढेल का, तर जुना पासवर्ड माहीत असलेले शेजारी गळाले तेवढ्यापुरता वाढेल.)

मात्र चालू केला म्हणजे वेगळा झाला असं धरून चालू नका. काही स्वस्त राउटरांत पाहुण्यांना आतलं सगळं दिसतं. `Allow guests to access local network` अशा अर्थाची खूण असेल तर ती काढायची. मग एक फोन पाहुण्यांच्या वायफायवर जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1`. त्यानंतर प्रिंटरचा पत्ता टाका. दोन्ही उघडता कामा नयेत. लॉगिनचं पान जरी आलं, तरी आतलं दार पाहुण्याला दिसतंय असं समजा.

मात्रा_वेलांटी · सोमवार, रात्री ९.१०

पासवर्ड कसा असावा हे कुणीच बोललं नाही. पुष्कळ दवाखान्यांत तो पाटीवरचा फोन नंबर असतो.

तारवाला · सोमवार, रात्री ९.४८

हो, आणि त्याहून वाईट निवड शोधून सापडायची नाही. एखादा फोन वायफायला जोडला जातो तो क्षण बाहेर गाडीत बसून टिपून ठेवता येतो. मग घरी जाऊन अंदाज लावत बसायचं. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण हे अंदाज राउटरला विचारावे लागत नाहीत. भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे दहा लाख अंदाज तपासतं. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. ४,००० सेकंद, सव्वा तासाच्या आत सगळे संपले. लँडलाइन असेल तर आणखी मजा. सबंध गोव्याचा कोड ०८३२, पुढे ७ आकडे, म्हणजे १ कोटी. दहा सेकंद.

लांबी ८ ते ६३ अक्षरं चालते. चार-पाच असंबद्ध शब्द मध्ये आडवी रेघ देऊन जोडा. शब्द स्वतः सुचवू नका, नाहीतर देव, मुलं आणि गाव येतात. जाड शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या.

मात्रा_वेलांटी · सोमवार, रात्री १०.०५

यात आपली एक खास अडचण आहे. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिला की त्याची तीन रूपं होतात. म्हापसा कुणी `Mapusa` लिहितो, कुणी `Mhapsa`, कुणी `Mapsa`. लाडूत एक `d` की दोन, शेवटी `u` की `oo`? फोनवर पासवर्ड सांगितला की समोरचा आपल्या सवयीचं टाइप करतो आणि म्हणतो "चालत नाही". म्हणून `batata`, `tabla` असे एकाच तऱ्हेने लिहिले जाणारे शब्द घ्या. दीर्घ ई-ऊ, ळ, च्च, द्ध असलेले सोडून द्या. सगळी अक्षरं लहान ठेवा. शून्य आणि `O`, एक आणि लहान `l` यांच्या नादी लागूच नका. लांबी आहे तर चिन्हांची गरज नाही.

केवडा_फोंडा · मंगळवार, सकाळी ९.३०

देव बरें करूं. आता बदलायचा कसा? मागच्या वेळी संगणकावरून बदलला तर मधेच पान बंद पडलं, प्रिंटर दोन दिवस मेला आणि शेवटी कुणीतरी राउटरचं बारीक भोकातलं बटण दाबलं. मग इंटरनेटच गेलं.

तारवाला · मंगळवार, सकाळी १०.५०

ते बटण म्हणजे फॅक्टरी रिसेट. त्याने वायफायबरोबर इंटरनेट कंपनीने भरलेलं यूजरनेमही पुसलं जातं, आणि ते परत भरायला बहुधा त्यांच्याच माणसाची वाट बघावी लागते. राउटर काउंटरवर असेल तर आधी तो वर, हाताबाहेर लावा. खाली चिकटवलेल्या कागदावर मूळ पासवर्डही छापलेला असतो.

पान बंद पडलं, कारण ज्या वायफायवर बसून बदलत होता तेच तुम्ही बदललंत. फांदीवर बसून फांदी तोडली. केबल लावून बदला.

वेळ दुपारची, १.३० ते ४ दवाखाना बंद असतो तेव्हाची. पाऊण तास पुरतो, पण प्रिंटरसाठी दीड धरा. शनिवारी संध्याकाळी किंवा चवथीच्या आदल्या दिवशी हात लावू नका. अडलं तर दुरुस्तीला कुणी येणार नाही.

तुमच्या यंत्रांसकट सांगतो. आधी राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा आणि मोजा. तुमच्या हिशेबाने संगणक, प्रिंटर, कार्ड मशीन, डीव्हीआर, हजेरी यंत्र आणि सहा फोन, म्हणजे अकरा. यादीत पंधरा दिसले तर जास्तीचे चार कोण ते आत्ताच पाहा. नंतर कळायला मार्ग नाही.

मग संगणक आणि डीव्हीआर केबलवर आणा. राउटरला मागे चार भोकं असली तर उत्तम. दोनच असली तर पाच भोकांचा छोटा स्विच घ्या. प्रिंटरला केबलची जागा असेल तर तोही त्यावरच. केबलवरच्या यंत्राला वायफायचा पासवर्ड लागतच नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला निम्मं काम राहत नाही. संगणकाचं वायफाय बंद करून जुनी नोंद पुसा, म्हणजे उद्याच्या मुलीला त्यात काही सापडणार नाही:

```
netsh wlan delete profile name="CLINIC_RECEPTION"
```

आता राउटर. सगळ्यात आधी त्याच्या पानाचा, म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड बदला. तो अजून `admin` असेल तर वायफायवर असलेला कुणीही आत शिरून तुमचा नवा पासवर्ड वाचू शकतो. मग `Wireless` मध्ये जाऊन 2.4 GHz आणि 5 GHz दोन्हींचा बदला. एक विसरला की काही फोन जुन्यानेच चालत राहतात आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. सुरक्षा `WPA2-PSK` आणि `AES`. नुसतं `WPA3` ठेवलंत तर जुना प्रिंटर आणि कार्ड मशीन जोडली जाणार नाहीत. `WPS`, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून अकरा हजार प्रयत्नांत सापडतो.

शेवटची परीक्षा: एका फोनवर `Forget` करून जुना पासवर्ड टाका. जोडला गेला तर कुठेतरी जुना जिवंत आहे.

वाळपय_वीज · मंगळवार, सकाळी ११.२५

एक महत्त्वाचं राहिलं. काही फायबरच्या डब्यांत `Apply` दाबून बदल चालू होतो, पण कायमचा लिहिला जात नाही. `Commit/Reboot` नावाचं वेगळं पान असतं, तिथे जाऊन लिहावा लागतो. पावसात वीज गेली, डबा बंद होऊन चालू झाला की जुना पासवर्ड परत. लोक म्हणतात "आपोआप बदलला". म्हणून बदलल्यावर मुद्दाम प्लग काढा, अर्धं मिनिट थांबा, परत लावा आणि नव्या पासवर्डने जोडून बघा. इन्व्हर्टरवर असला तरी हे कराच. इन्व्हर्टरमुळे डबा बंद पडायला महिनाभर लागतो, आणि दोष तेव्हा कळतो.

केवडा_फोंडा · मंगळवार, दुपारी १२.०२

आमच्या डब्यावर `Commit/Reboot` खरंच आहे! आता लिहून कुठे ठेवायचा?

दोतोर_दिवाडी · मंगळवार, दुपारी १.४०

पाकिटात. जाड कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहा, दोन घड्या घाला, पाकीट चिकटवून जोडावर सही आणि तारीख. डॉक्टरांच्या कुलूपबंद खणात. फोडलं तर कळतं, आणि फोडलं की पासवर्ड बदलायचा. वीज नाही, फोन नाही, ॲप नाही, तरी सापडतं.

सुशेगाद_७ · मंगळवार, दुपारी २.१५

डॉक्टर गोव्याबाहेर गेले आणि चावी खिशात असली तर? पासवर्ड सांभाळणारं ॲप घ्या, बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी, आणि दोघांना हक्क द्या. नोकरी सोडताना हक्क काढला की झालं.

तारवाला · मंगळवार, संध्या. ५.३०

ॲप बरं आहे, पण "हक्क काढला की झालं" नव्हे. ज्याने एकदा पाहिला त्याच्या फोनात वायफाय जोडलेलं आहे. हक्क काढाच आणि पासवर्डही बदला. कीपासएक्ससीत तर माणसागणिक हक्क नसतातच, एकच फाइल असते. ती संगणकावर असते, तिची प्रत दुसरीकडे ठेवली नाही तर संगणकाबरोबर तीही गेली. मी दोन्ही ठेवतो: रोजच्याला ॲप, अडीनडीला पाकीट. दोन्हींत एकाच वेळी बदल झाला पाहिजे, आणि चुकतं ते इथेच. पाकिटात मागच्या वर्षीचा सापडतो. म्हणून पाकिटावर तारीख बाहेरून दिसायला हवी.

वहीत वेगळी नोंद ठेवा, पण तीत पासवर्ड नको: तारीख, कारण, कुणी बदलला, कोणकोणती यंत्रं परत जोडली, वीज काढून तपासलं की नाही.

दोतोर_दिवाडी · मंगळवार, संध्या. ६.०५

दोन्ही ठेवले की दोन्ही जुने होतात. मी एकाच जागेच्या बाजूने आहे. दुसरं पाकीट हवं तर भागीदार डॉक्टरांच्या खणात ठेवा.

केवडा_फोंडा · बुधवार, सकाळी १०.१०

दोन्ही डॉक्टरांना विचारलं, एक पाकीटवाले, एक ॲपवाले. तूर्त पाकीट. चिठ्ठी आता अशी:

"रिसेप्शन वायफाय. कुणी काम सोडले, फोन हरवला किंवा बाहेरच्या तंत्रज्ञास पासवर्ड दिला, तर त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत बदलणे. काहीच न घडल्यास दर जूनमध्ये पावसाआधी. बदलणार: व्यवस्थापक, त्या नसल्यास लहान डॉक्टर. केबल लावूनच बदलणे, दोन्ही बँड, `Commit/Reboot`, प्लग काढून तपासणे. राउटरचे बारीक बटण कुणीही दाबू नये. पासवर्ड पाकिटात, जागा डॉक्टरांस विचारावी. चिठ्ठीवर, ग्रुपवर, संगणकाच्या पडद्यावर लिहू नये. पेशंटसाठी भिंतीवरचे वेगळे वायफाय आहे."

तारवाला · बुधवार, सकाळी १०.४५

उत्तम. फक्त "त्याच दिवशी" सांभाळा. तुमची मुलगी ३१ ला संध्याकाळपर्यंत कामावर आहे. दुपारी बदललात तर तिचा फोन तुटेल, आणि मग कुणीतरी दयेने नवा सांगेल. ती गेल्यावर, १ तारखेच्या दुपारी बदला, किंवा तिचा फोन आजच पाहुण्यांच्या वायफायवर टाका. खरं तर कर्मचाऱ्यांचे सगळेच फोन तिथेच असावेत. त्यांना प्रिंटर लागतो कुठे?

केवडा_फोंडा · बुधवार, सकाळी ११.२०

नर्सबाई फोनवरून लॅबचे रिपोर्ट प्रिंट करतात. बाकीच्यांचे हलवते. आणि कार्ड मशीनचं काय? त्यात नवा पासवर्ड घालायला सेटिंगच उघडत नाही, पिन मागतं.

वाळपय_वीज · बुधवार, दुपारी १२.१०

काही मशिनांत तो पिन बँकेच्या माणसाकडे असतो. बदलण्याच्या दिवसाआधी मशीन देणाऱ्यांना फोन करून विचारा. मशिनात सिम असेल तर वायफाय काढूनच टाका, पैसे सिमवरून जातील. काउंटरपाशी सिग्नल किती येतो तेवढं बघा.

केवडा_फोंडा · बुधवार, दुपारी १२.३५

सिम आहे. काउंटरपाशी एक कांडी येते, दारापाशी तीन.